खोकणाऱ्यांनी जिन्याने जावे

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये आरशाशेजारी एक लॅमिनेट केलेला कागद लागला आहे. 'सर्व सभासद व भाडेकरूंना कळविण्यात येते की' अशी नेहमीची सुरुवात, खाली 'कार्यकारी मंडळाच्या वतीने' आणि सोसायटीचा निळा शिक्का. मधला मजकूरही बराचसा रास्तच आहे. खोकताना-शिंकताना तोंडावर रुमाल धरावा, लॉबीत आणि जिन्यात थुंकू नये, वॉचमनच्या टेबलावर ठेवलेलं सॅनिटायझर वापरूनच लिफ्टच्या बटनांना हात लावावा. मग घरकामाच्या बायका, ड्रायव्हर आणि डिलिव्हरीवाल्यांनी फक्त मागची लिफ्ट वापरावी, असं एक वाक्य येतं. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत: खोकला असणाऱ्यांनी लिफ्ट टाळून जिन्याने जावे. हा कागद लागला त्याच आठवड्यात सहाव्या मजल्यावरचे काका मला चौथ्या मजल्याच्या जिन्यात खिडकीच्या कट्ट्यावर बसलेले दिसले. हातात भाजीची पिशवी, त्यातून मेथीची जुडी बाहेर आलेली, कपाळावर घाम. "लिफ्ट बंद आहे का?" मी विचारलं. "नाही हो सिस्टर," ते म्हणाले, "माझा खोकला तुम्हाला माहीतच आहे. कुणी काही बोलण्याआधी आपणच समजून वागलेलं बरं."

ते वाक्य मला आवडलं नाही. माणूस चुकीचं वागत होता म्हणून नव्हे, आम्ही त्याच्यावर तसं वागायची वेळ आणली म्हणून. पालिकेच्या रुग्णालयात माझ्या नोकरीचा उत्तरार्ध संसर्ग नियंत्रणाच्या कामात गेला. वॉर्डात कुणाला कुठल्या खाटेवर ठेवायचं, खिडक्या कुठल्या उघडायच्या, कुणाचे हात कधी धुतले गेले नाहीत, हे बघत फिरणं हेच काम. त्यामुळे असा कागद दिसला की माझं लक्ष शब्दांआधी एका प्रश्नाकडे जातं. हे सगळं पाळलं, तर नेमका कुणाचा कुठला आजार थांबेल?

बटनांपासून सुरुवात करते, कारण आपली सगळ्यांची भीती अजून तिथेच अडकलेली आहे. २०२० मधल्या लिफ्ट आठवा. बटनांवर पारदर्शक प्लास्टिक, बाजूला थर्माकोलच्या तुकड्यात खोचलेल्या टूथपिक, आणि वापरलेल्या टूथपिकसाठी खाली कापलेली बिसलेरीची बाटली. तेव्हा प्रयोगशाळेत मोजलेले आकडे घरोघरी पोचले होते, की हा विषाणू प्लास्टिकवर आणि स्टीलवर दोन-तीन दिवसांपर्यंत सापडतो. आकडे खरे होते. पण प्रयोगशाळेत पृष्ठभागावर भरपूर विषाणू मुद्दाम टाकलेला असतो, आणि सापडणं म्हणजे आजारी पाडण्याइतका उरणं नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने स्पष्ट लिहिलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. तोवर आपण भाजी साबणाने धुऊन आणि वर्तमानपत्राला इस्त्री करून दमलो होतो. कोविडपुरतं बोलायचं तर बटन हा छोटा मुद्दा. जुलाब-उलट्यांच्या विषाणूंसाठी मात्र हात हाच मोठा रस्ता, आणि साध्या सर्दीतही नाक पुसलेल्या हाताचा वाटा असतोच. म्हणून हात धुवायचेच. फक्त ते कशाने आणि कुठे, याचं उत्तर वॉचमनच्या टेबलावर नाही.

टेबलावरची ती बाटली मी हातावर घेऊन बघितली. पाण्यासारखं पातळ, वास जेमतेम. अल्कोहोलचं प्रमाण साठ टक्क्यांच्या खाली गेलं की त्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि संपत आलेल्या बाटलीत पाणी घालून ती 'वाढवण्याची' सवय सगळीकडे दिसते. घरच्या घरी ओळखायची खूण सोपी आहे. चांगलं सॅनिटायझर तळहाताची वाटी भरेल इतकं घेतलं आणि नीट चोळलं, तर हात थंड पडतात आणि वीस-तीस सेकंदांत कोरडे होतात. मिनिटानंतरही हात ओले किंवा चिकट राहिले तर त्यात पाणी जास्त आहे किंवा माल हलका आहे. आणि चांगलं असलं तरी तेलकट, मातकट हातांवर त्याचं फारसं चालत नाही. उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवरही ते तोकडं पडतं. तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

रुग्णालयात नवीन मुली कामावर आल्या की आम्ही त्यांच्या हाताला एक चमकणारं लोशन लावायचो, नेहमीसारखे हात धुवायला सांगायचो आणि मग अंधाऱ्या खोलीत निळ्या-जांभळ्या दिव्याखाली हात धरायला लावायचो. तळहात स्वच्छ काळे दिसायचे. अंगठे मात्र मनगटापर्यंत लखलखत असायचे. बोटांची टोकं, नखांच्या कडा आणि बोटांमधल्या बेचक्यांतही तो प्रकाश असायचा. म्हणजे ज्या अंगठ्याने आपण लिफ्टचं बटन दाबतो, ज्या टोकांनी डोळा चोळतो आणि पोळी मोडतो, तेवढेच भाग नेमके सुटलेले. वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या सिस्टरांचेही तेच भाग चमकायचे. म्हणून क्रम पाठ करून घ्यायचा: सुलट, उलट, मूठ, अंगठा, नखं, मनगट. साबण लावल्यापासून पुसेपर्यंत पाऊण मिनिट तरी जातंच. सूचनेत हातांना सॅनिटायझर लावा म्हटलं आहे, पण 'अंगठा' हा शब्द कुठेही नाही, आणि माझ्या मते एवढा एक शब्द असता तरी तिचं काम बरंच झालं असतं.

आता खोकल्याकडे येते. रुमाल धरावा हे बरोबरच, पण तो रुमाल मग त्याच हातात चुरगळलेला राहतो आणि त्याच हाताने दार उघडलं जातं. म्हणून हल्ली कोपराच्या आतल्या बाजूत खोका म्हणतात. ते यासाठी, की कोपराने आपण कुणाशी हस्तांदोलन करत नाही आणि बटनही दाबत नाही. ही पद्धत जिथे रुळली तिथे अंगात लांब बाह्यांचे कोट आणि स्वेटर असतात. आपल्याकडे हाफ शर्ट, बिनबाह्यांचे ड्रेस, ब्लाउजची बाही दंडावर संपलेली. उघड्या, घामट त्वचेवर खोकायचं लोकांना नको वाटतं आणि ते मी समजू शकते. माझी आई पदर तोंडावर धरून मान वळवायची. पदर रोज धुतला जात असेल तर त्यात वाईट काही नाही. मान वळवणं तर फारच चांगलं, कारण समोरच्याच्या डोळ्यांवर आणि नाकावर थेट उडणारे मोठे थेंब त्यामुळेच चुकतात. लिफ्टमध्ये चार माणसं हातभर अंतरावर उभी असताना हे थेंबच पहिला धोका असतात. ते जड असतात, काही सेकंदांत खाली बसतात. रुमाल, कोपर, पदर, मास्क यांपैकी काहीही त्यांना बऱ्यापैकी अडवतं.

पण खोकल्याबरोबर, आणि नुसत्या बोलण्याबरोबरही, त्याहून कितीतरी बारीक कण बाहेर पडतात. ते रुमालाच्या कडेने निसटतात. मिलिमीटरच्या हजार भागांतले पाच भाग एवढा कण स्थिर हवेत माणसाच्या उंचीवरून जमिनीला टेकायला अर्धा तास घेतो. एक भाग एवढा असेल तर बारा तास. याचा पहिला पक्का पुरावा क्षयाच्या वॉर्डातून आला. १९५० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात रिचर्ड रायली आणि विल्यम वेल्स यांनी क्षयरोग्यांच्या खोल्यांमधली हवा नळीतून वर नेऊन गिनिपिगांच्या पिंजऱ्यांवर सोडली. त्या प्राण्यांनी रुग्ण पाहिले नव्हते, त्यांची भांडी चाटली नव्हती, त्यांच्या कपड्यांना स्पर्श केला नव्हता. फक्त हवा होती. त्यांना क्षय झाला. ज्या पिंजऱ्यांकडे जाणारी हवा अतिनील दिव्यांमधून नेली होती, तिथले गिनिपिग धडधाकट राहिले. नर्सिंगच्या वर्गात हे ऐकलं तेव्हापासून बंद खोलीत शिरले की माझी नजर आधी खिडकीच्या कडीकडे जाते.

म्हणून मी आमच्या लिफ्टचा एक ढोबळ हिशोब मांडला. आत पाटी आहे, आठ व्यक्ती, ५४४ किलो. माणशी ६८ किलो धरून ती लिहिलेली असते. आतली जागा साधारण तीन घनमीटर, म्हणजे तीन हजार लिटर हवा. शांत उभा असलेला माणूस मिनिटाला साधारण आठ लिटर हवा आत घेतो. तळापासून बाराव्या मजल्यापर्यंत एखादा थांबा धरून एक मिनिट लागतं. म्हणजे कुणी एकदा खोकला आणि त्याचे बारीक कण लिफ्टभर सारखे पसरले, तर शेजारी उभ्या माणसाच्या छातीत त्यातला जेमतेम पावणेचारशेवा भाग जाईल. मग दार उघडतं आणि हवा बदलते.

आता याच हिशोबाने आमचा सोसायटी हॉल घ्या. दीड लाख लिटर हवा, म्हणजे लिफ्टच्या पन्नासपट मोठी जागा, म्हणून ती सुरक्षित वाटते. सभा दोन तास चालते. खिडक्या बंद, स्प्लिट एसी चालू. हा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवून थंड करतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एखादा सभासद दोन तासांत चाळीसदा खोकला आणि प्रत्येक खोकल्यातले बारीक कण सरासरी तासभर हवेत राहिले, तर शेजारच्याच नव्हे, हॉलमधल्या प्रत्येकाच्या वाट्याला एका पूर्ण खोकल्याचा आठवा भाग येतो. लिफ्टमधल्या त्या एका मिनिटाच्या चाळीस-पन्नास पट. प्रत्यक्षात काही कण बसतील, काही दाराच्या फटींतून जातील, पण दोन्हींतला फरक एवढ्याने पुसला जात नाही. सूचनेत हॉलचा उल्लेखही नाही. आणि ती सूचना त्याच हॉलमध्ये, त्याच बंद खिडक्यांच्या आत बसून मंजूर झाली आहे.

लिफ्टच्या छतातला पंखा मात्र बंद आहे. त्याचा आवाज होतो म्हणून कुणीतरी तक्रार केली होती. जुन्या इमारतीत आम्ही राहायचो तिथे सरकत्या जाळीची लिफ्ट होती. ओढताना बोट चिमटायचं, पण प्रत्येक मजल्यावरून फोडणीचा आणि उदबत्तीचा वास आत यायचा, म्हणजे हवा येत होती. आताच्या स्टीलच्या बंद डब्यात ते काम त्या एका पंख्याचं आहे. तो चालतो की नाही हे कळायला टिश्यू पेपरची बोटभर पट्टी जाळीशी धरली तरी पुरतं. आमच्या लिफ्टमध्ये ती सरळ लोंबत राहिली.

मग राहिले काका, आणि सूचनेचं ते शेवटचं वाक्य.

खोकला हे लक्षण आहे, आणि त्यामागे संसर्ग असेलच असं नाही. दमा असतो, धूम्रपानाने खराब झालेली फुप्फुसं असतात, घशाशी येणारं आम्लपित्त असतं, खिडकीच्या छज्जावर बसणाऱ्या कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजारही असतो. उलट ज्यांच्याकडून फ्लू किंवा कोविड लागतो, ते पुष्कळदा खोकला सुरू होण्याआधीच्या दिवशी हसत-बोलत लिफ्टमध्ये उभे असतात. काकांचा खोकला मी जिन्यात बसून ऐकला. कोरडा, घशात खवखव, रात्री आडवं पडल्यावर जास्त. ताप नाही, वजन घटलेलं नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे आधी थुंकी तपासायची, हा आपल्याकडचा नियम आहे आणि तो मी कुणासाठीही मोडत नाही. पालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. त्यांना डबी कशी भरायची तेही सांगितलं: सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून बेडका काढायचा, नुसती लाळ नको, आणि हे खोलीत नव्हे तर गॅलरीत, मोकळ्या हवेत करायचं. बेडका मुश्किलीने निघाला. तपासणीत काही आलं नाही, एक्स-रेही स्वच्छ होता. मग मी त्यांच्या गोळ्यांचा डबा मागितला. रक्तदाबासाठी रामिप्रिल चालू होतं.

या जातीच्या गोळ्या उत्तम असतात, हृदय आणि मूत्रपिंडं जपतात, पण ढोबळमानाने दहातल्या एखाद्याला त्यांनी असाच कोरडा खोकला लागतो, आणि तो कधी कधी गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी लागतो, म्हणून दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते, रक्तदाब उसळतो. काकांनी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी दुसऱ्या जातीची गोळी दिली, आणि महिन्याभरात खोकला उतरला. ज्या माणसाकडून कुणालाही काहीही लागणार नव्हतं, तो गुडघेदुखी घेऊन इतके दिवस सहा मजले चढत होता. क्षय निघाला असता तरी औषधं नीट सुरू झाल्यावर संसर्गाची ताकद लवकरच उतरते, त्याला जिन्यात बसवायची गरज नसते. अशा वाक्यांचा खरा परिणाम मी वॉर्डात पाहिला आहे. लोक खोकला लपवतात. तोंड दाबून धरतात, सिरप पितात, थुंकीची डबी घ्यायला शेजारच्या पेठेतल्या दवाखान्यात जातात, किंवा जातच नाहीत. लपवलेला क्षय घरातल्या लहान मुलांना लागतो.

आणि सगळ्यात जास्त कोण लपवतं, तर जिचा दिवसाचा पगार कापला जातो ती. आमच्याकडे मागच्या लिफ्टने सकाळी नऊ वाजता किती बायका वर जातात ते मी दाराशी उभी राहून पाहिलं आहे. सहा-सात जणी, एक दूधवाला, कचऱ्याचा ड्रम आणि तो ढकलणारा मुलगा. पुढच्या लिफ्टमधली गर्दी कमी करून आम्ही ती मागच्या लिफ्टमध्ये कोंबली आणि त्याला खबरदारी म्हटलं. या बाया दिवसाला पाच-पाच घरांत जातात, भांडी घासतात, बाळांना अंघोळ घालतात, म्हाताऱ्यांना भरवतात. त्यांच्या हातांची काळजी आम्हाला खरोखर असेल तर त्यांना हात धुवायला जागा हवी. तळमजल्यावर पंपाच्या खोलीशेजारी एक नळ आहे. तिथे वॉचमन बादली भरतो. साबण नाही, उभं राहायला कोरडी जागा नाही, आणि नळाची चकती गेल्याने पाणी करंगळीएवढं येतं. कित्येक घरांत त्यांना बेसिन वापरू देत नाहीत, बाथरूममधल्या नळावर हात धुवा म्हणतात, आणि तिथेही साबण ठेवलेला नसतो. वर्षानुवर्षं हे असंच आहे, आणि मला याचा राग येतो.

मी सेक्रेटरींकडे गेले. ते सज्जन गृहस्थ आहेत, त्यांच्या घरात नातू नुकताच न्यूमोनियातून उठलेला, त्या धसक्याने त्यांनी हा कागद तयार केला होता. त्यांच्या भीतीला मी काय नावं ठेवणार? आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून मजकूर पुन्हा लिहिला. मोठ्या अक्षरांत चारच वाक्यं ठेवली. खोकताना मान वळवा, कोपरात किंवा रुमालात खोका. ताप-खोकला असेल तर लिफ्टमध्ये आणि हॉलमध्ये मास्क लावा, कारण आजारी माणसाने लावलेला मास्क सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो. घरात शिरल्यावर आणि खाण्याआधी साबणाने हात धुवा, अंगठा आणि नखं विसरू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर पालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासा, तपासणी मोफत आहे. जिन्याचं वाक्य त्यांनी स्वतःच खोडलं. मागच्या लिफ्टच्या वाक्यावर बराच वेळ गेला. 'काही सभासद ऐकणार नाहीत' असं ते म्हणाले, शेवटी तेही गेलं.

कागदापलीकडची कामं अशी झाली आहेत: लिफ्टवाल्याने पंख्याचं बेअरिंग बदललं, आता टिश्यूची पट्टी जाळीला चिकटते. पंपाशेजारच्या नळाला नवीन चकती आणि भिंतीवर द्रव साबणाची बाटली लागली, ती भरायचं काम हाउसकीपिंगच्या रोजच्या यादीत घातलं आहे, कारण यादीत नसलेली बाटली आठवड्यात रिकामी होते. हॉलच्या खिडक्यांचं अजून जमलेलं नाही. डास येतात म्हणून विरोध आहे, त्यासाठी जाळ्यांचं कोटेशन मागवलं आहे.

एक मुद्दा वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर गेला आहे. मी लिहून दिलेला ठराव असा, की ताप-खोकला असलेल्या बाईला आपण घरी राहायला सांगितलं तर त्या दिवसांचा पगार कापू नये. सोसायटी हे कुणावर लादू शकत नाही, प्रत्येक घराने मानलं तरच ते होईल. दोन घरांनी 'मग त्या रोजच खोकतील' असं उत्तर दिलं आहे. माझ्या मजल्यावरच्या चारही घरांनी सही केली, काकांनीही केली. बाकीच्या मजल्यांवर मी संध्याकाळी जाते आहे.